जुना फोन साफ करताना

कोणतीही वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची तर ती आधी साफ करून द्यायची, हा आमच्या यांचा नियम. मी कामवालीला जुनी साडी देते तेव्हा नुसती घडी घालते अन् देते. हे मधे येणार अन् पदर उलगडून पाहणार, एखादी पिन तर नाही राहिली? उभा जन्म रेल्वेत गेला. रिटायर झाले त्या दिवशी यांनी टेबलाचे सगळे खण उपसले, ओल्या फडक्यानं पुसले अन् मगच चार्ज दिला. पुढच्या माणसाला वाटलं पाहिजे की इथं आधी कोणी बसतच नव्हतं, असं म्हणत होते. मी म्हटलं, तुमच्या जागेवर बसणाऱ्याला असं वाटलं तर तुम्हाला बरं वाटेल? तसे हे बोलतातच कमी. दिवसाला वीस वाक्यं बोलले तर त्यातली पंधरा "हव", म्हणजे हो, एवढीच असतात.

मागच्या उन्हाळ्यात यांच्या फोनची बॅटरी फुगली. मागचं झाकण असं वर आलं की फोन टेबलावर ठेवला तर डुलायचा. मी रोज बजावत होते, एक दिवस खिशात फुटेल तेव्हा समजेल. हे म्हणायचे, चालून राहिला ना, चालू द्या. मग एक दिवस आमच्या पोरीचा फोन आला अन् नवीन फोन घेणं भाग पडलं.

पोरगी नव्या रायपुरात राहते, आम्ही इकडं जुन्या शहरात, पुरानी बस्तीत. जावयाचं ऑफिस तिकडंच आहे. तिला त्या वेळी सातवा महिना लागला होता अन् मी ओटीभरणाचा विषय काढायला टपून बसले होते. त्या दिवशी तिनं स्वतःच फोन केला अन् माझ्याशी न बोलता थेट यांना मागितलं. यांनी ऐकून घेतलं, दोनदा "हव" म्हणाले, फोन ठेवला अन् बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. मी मागं मागं गेले. काय म्हणत होती विचारलं तर म्हणाले, "बाळाचे फोटो पाहायचे म्हणते."

हे बाळ म्हणजे तिची पहिली लेक. दोन वर्षं होत आली तेव्हा त्या गोष्टीला. दिवस भरले नव्हते, पोरीचं बीपी चढलं, झटके यायला लागले अन् डॉक्टरांनी तातडीनं ऑपरेशन करून बाळ काढलं. एवढंसं लेकरू, माझ्या वितीपेक्षा थोडं मोठं. त्या दवाखान्यात इतक्या लहान बाळाला ठेवायची सोय नव्हती, म्हणून अँब्युलन्समधून दुसऱ्या दवाखान्यात हलवलं. पोरगी आयसीयूत. कागदांवर सह्या करायला जावई तिच्याजवळ पाहिजे, अन् तिला सोडून माझा पाय निघेना. बाळाबरोबर हे गेले. दोन दिवस हेच तिथं होते, बाळाच्या खोलीबाहेरच्या बाकावर. तिथल्या सिस्टरनं यांना हात धुवायला लावून, वरून गाऊन घालून दोन-तीनदा आत घेतलं अन् म्हणाली, फोटो काढून घ्या अंकल, मम्मीला दाखवायला होतील. यांनी चार-पाच फोटो काढले.

ते फोटो यांनी कोणालाही पाठवले नाहीत. जावयाला नाही अन् मलाही नाही. पोरीच्या सासूनं ताकीद दिली होती की नाव ठेवल्याशिवाय लेकराचा फोटो कोणाला पाठवायचा नाही, नजर लागते. आमच्याकडंही जुन्या बाया असंच म्हणतात, सगळेच म्हणतात अन् सगळेच लपूनछपून पाठवतात. पण यांना नियम सांगितला की तो रेल्वेचा सिग्नलच. लाल म्हणजे लाल. संध्याकाळी पोरीच्या दवाखान्यात येऊन स्वतः तिला दाखवू, असं यांच्या मनात होतं. त्या संध्याकाळच्या आतच बाळ गेलं.

बारसं झालं नाही, म्हणून तिला नावही नाही. आम्ही "बाळ" म्हणतो. एवढ्या लहान लेकराला पुरतात, ते काम यांनी अन् जावयानं केलं. पोरीला सांगितलं तेव्हा तिनं भिंतीकडं तोंड केलं अन् म्हणाली, मला काही दाखवू नका. आम्ही नाही दाखवलं. महिने गेले, वर्ष गेलं, कोणी विषय काढला नाही. फोटो यांच्या फोनमधे होते. हे कधीमधी पायरीवर बसून पाहत असतील, मला माहीत होतं, कारण मी गेले की फोन खिशात जायचा. मी एकदाच पाहिले अन् परत मागितले नाहीत. माझी छाती नाही झाली.

अन् आता पोरगी म्हणत होती की दुसरं यायच्या आधी मला पहिलीला पाहायचं आहे. फोनवर पाठवू नका, असंही तिनं सांगितलं. एकटीनं ऑफिसात किंवा किचनमधे उघडायचे नाहीत. मी येते, पापाच्या बाजूला बसून पाहते. त्याच्या पुढच्या रविवारी येते म्हणाली.

बस, मग यांना त्या फुगलेल्या बॅटरीची धास्ती बसली. मी रोज ओरडून राहिले ते कानावरून गेलं, पण आता फोन बंद पडला तर बाळाचे फोटो जातील, हे बरोबर डोक्यात शिरलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही शंकर नगरच्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार भैया मध्यम वयाचा, शांत माणूस. हे खुर्चीवर बसले अन् पहिलं वाक्य हेच बोलले की फोन कोणता पण द्या, फोटो सगळे यायला पाहिजे.

भैयानं घाई केली नाही, हे मी आजही म्हणेन. जुन्या फोनमधे आधी फोटोंचा बॅकअप पाहिला, सगळे वर चढले आहेत हे यांना दाखवलं. मग दुकानाच्या वायफायवर चॅटचा ताजा बॅकअप घेतला. नंतर सिम काढून नव्या फोनमधे टाकलं, त्यात यांचं तेच खातं उघडलं अन् कॉन्टॅक्टची नावं भराभर यायला लागली. चॅटचं ॲप टाकलं, नंबरवर कोड आला, मग स्क्रीनवर विचारलं की जुना बॅकअप परत आणायचा का. भैया म्हणाला, इथंच लक्ष द्यायचं असतं, लोक घाईत पुढं जातात अन् मग रडतात. त्यानं "रिस्टोर" दाबलं. जुन्या फोनमधलं चॅट आपोआप बंद पडलं अन् नव्यात सगळं आलं. नातेवाइकांचे ग्रुप, रेल्वेवाल्या पेन्शनरांचा ग्रुप, गुड मॉर्निंगचे गुलाब, सगळं.

यांचं लक्ष फोटोत. भैयानं फोटोंचं ॲप उघडून दिलं. हे मागं मागं सरकवत गेले अन् थांबले. मी बाजूनं पाहिलं नाही, पण यांचा खांदा खाली आला त्यावरून समजलं की आहेत.

भैयानं तेव्हा एक गोष्ट सांगितली होती. फोटो या फोनच्या पोटात नाहीत, तुमच्या खात्यात आहेत, फोन फक्त ते दाखवतो. नेट चालू ठेवा म्हणजे दिसतील. हे म्हणाले "हव". मीही मान हलवली. खरं सांगते, दोघांनाही एवढंच समजलं की नेट चालू ठेवायचं. खात्यात म्हणजे बँकेत पैसे असतात तसं काही, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला.

जुना फोन दिला तर दुकानदार नव्याच्या किमतीत थोडी सूट द्यायला तयार होता. यांनी त्या दिवशी दिला नाही. आधी घरी नीट पाहतो, सगळं आलं की नाही, मग आणून देतो म्हणाले. भैयाही म्हणाला, बरोबर आहे, चार-आठ दिवस वापरून पाहा. अन् द्यायच्या आधी सेटिंगमधे जाऊन रिसेट करून टाका, सगळं एकदम मिटते. कसं करायचं ते त्यानं दाखवलं. किती सांभाळून केलं सगळं! एवढं सांभाळून केलेलं काम बिघडते तेव्हा माणसानं कोणावर चिडायचं?

चार-पाच दिवस यांनी रोज नवा फोन तपासला. हा नंबर आहे का, ते चॅट आहे का. रोज शेवटी फोटो. शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर हे चष्मा लावून जुना फोन घेऊन बसले. मी विचारलं काय करून राहिले, तर म्हणाले, साफ करतो, उद्या देऊन येऊ. मी आडवी झाले. उठले तरी हे तिथंच, त्याच खुर्चीवर, बोटानं स्क्रीनवर काहीतरी करत. चहा गार झाला होता.

यांनी काय केलं ते मला नंतर समजलं. एक बटण दाबलं की सगळं मिटते, यावर यांचा विश्वास नव्हता. आपण दाबलं अन् खरंच मिटलं, हे कोणी पाहिलं? अन् त्या फोनमधे बाळ होतं. हा फोन उद्या कोणाच्या हातात जाईल, काय माहीत. तो माणूस चहाच्या टपरीवर उभा राहून तिचे फोटो पाहील, नळ्या लावलेलं लेकरू पाहून काहीबाही बोलेल, हे यांना सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून यांनी खण उपसावे तसा फोन उपसला. सिम नव्हतं तरी घरच्या वायफायवर तो चालूच होता. आधी कॉन्टॅक्ट निवडले अन् पुसले. मग फोटो, महिन्या-महिन्यानं निवडून पुसले. फोननं मधे विचारलं होतं, खात्यातून अन् जोडलेल्या सगळ्या फोनमधून हटवायचे का. यांना वाटलं, सगळ्या म्हणजे या फोनच्या सगळ्या जागांमधून, तेच तर पाहिजे. मग त्यातली कचरापेटी सापडली. पुसलेलं सगळं तिथं दोन महिने पडून राहते, हे वाचून हे खूश झाले की बरं झालं पाहिलं, नाहीतर बाळ पेटीतच राहिलं असतं. ती पेटीही रिकामी केली. एवढं झाल्यावर भैयानं सांगितलेलं रिसेट. मग जुना फोन पुसून, त्याच्या डब्यात चार्जरसकट ठेवून दिला. यांच्या हिशेबानं एक टेबल रिकामं करून दिलं होतं अन् दुसरं टेबल भरलेलंच होतं.

ही दोन टेबलं नव्हती हो. खात्यातलं एकच होतं, दोन्ही फोन म्हणजे त्याकडं पाहायच्या दोन खिडक्या.

शनिवारी सकाळी पोरीचा फोन आला. यांच्या नव्या फोनवर नाव नाही आलं, नुसता नंबर आला. यांनी उचलून विचारलं, कोण बोलून राहिलं? ती हसली. पापा मला ओळखत नाहीत म्हणाली. उद्या अकरापर्यंत येते, असं सांगून तिनं ठेवलं. हे फोनकडं पाहत राहिले. मग नावं पाहायला गेले तर एकही नाव नाही. मग यांनी फोटो उघडले.

मी स्वयंपाकघरात फोडणी देत होते. यांनी हाक मारली नाही. येऊन दारात उभे राहिले, हातात फोन. असा चेहरा मी यांचा कधी पाहिला नव्हता, बाळाला मातीत ठेवून आले तेव्हाही नाही. मी गॅस बंद केला. नेट बंद असेल म्हटलं, नेट चालू होतं. फोन बंद करून चालू केला. कचरापेटी पाहिली, ती रिकामी. मग मी बसून एकेक विचारत गेले, काल काय केलं, आधी काय, मग काय, अन् हे सांगत गेले. सांगता सांगता यांनाही समजत गेलं.

अन् मी बोलले. माझं तोंड कसं आहे ते आमच्या पुरानी बस्तीतला अख्खा पारा, सगळा मोहल्ला, जाणतो. भैयानं एक बटण सांगितलं होतं तर तेवढं दाबायचं सोडून ही उस्तवार काहून केली? तुमची ही साफसफाई एक दिवस घर बुडवणार, हे मी लग्न झालं तेव्हापासून सांगून राहिले! फोटो मला एकदा पाठवले असते तर काय बिघडलं असतं? कोणाची नजर लागणार होती, माझी? मला वाटत होतं यांनी काही बोलावं, माझ्यावर उलटावं, म्हणजे मला थांबता येईल. मग माझंच रडू आलं अन् थांबले.

तसंच जेवण टाकून शंकर नगरला गेलो. भैयानं सगळं ऐकलं अन् डोक्याला हात लावला. कॉन्टॅक्ट मिळतील म्हणाला. पुसलेली नावंही खात्यात महिनाभर एका पेटीत असतात अन् ती पेटी यांना सापडली नव्हती. त्यानं ती उघडून सगळी नावं परत आणली. चॅट तर जसंच्या तसं होतंच, कारण ते नव्या फोनमधे उतरून बसलं होतं, त्याचा अन् जुन्या फोनचा संबंध उरला नव्हता. त्यानं विचारलं, ते फोटो चॅटवर कोणाला पाठवले होते का? एकालाही पाठवले असते तरी तिथून मिळाले असते. हे नाही म्हणाले. भैयानं परत विचारलं, घरच्यांना पण नाही? जावयाला मी आधीच फोन लावला होता. त्यानं काचेतून एकदा पाहिलं तेवढंच, फोटो काढायची त्याची छाती झाली नव्हती.

मग यांनी डब्यातून जुना फोन काढून काउंटरवर ठेवला. यातून निघतील का, लागेल ते करा, हे म्हणाले. भैयानं तो उघडूनही पाहिला नाही. आजकालच्या फोनमधे सगळं कुलपात असते म्हणाला, अन् रिसेट केलं की ते कुलूप उघडायची किल्लीच मिटते. आत काही राहिलं तरी ते कोणाला वाचता येत नाही. कोणी सांगेल काढून देतो, पैसे घेईल अन् आठ दिवसांनी नाही म्हणेल. तुम्ही तिकडं जाऊ नका. अन् खात्यातली पेटी तुमच्याच हातानं रिकामी झाली, ती कंपनीही परत देत नाही. तरी त्यानं आमच्या समोर मदतीच्या पानावर लिहून पाठवलं. उत्तर आलं ते तेच होतं.

दुकानात माणसं येत-जात होती. हे तिथंच बसून नव्या फोनमधलं चॅट वर-खाली सरकवत होते, एखादा फोटो चुकून कुठं गेला असेल म्हणून. मी वाकून पाहिलं. दिवाळीचे दिवे, सूर्योदय, कपबशीत ठेवलेला गुलाब, सगळे शाबूत. जगभराचे गुलाब वाचले अन् आमचं बाळ तेवढं गेलं. मला वाटलं तो फोन घ्यावा अन् रस्त्यावर आपटावा.

घरी आल्यावर मी यांना म्हटलं, पोरीला आज काही सांगू नका. सातवा महिना, आधीचं एवढं होऊन गेलं, बीपी चढलं तर? फोन बिघडला म्हणा, दुकानात दिला आहे म्हणा, बाळंतपण होऊन जाऊ द्या, मग पाहू. मी जावयालाही तसं पढवलं होतं, तोही कबूल होता. हे पाटावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "मी पुसले. मीच सांगीन." मी खूप समजावलं, हातापाया पडायचीच काय ती बाकी राहिली. खोटं एकदा बोललं की ते बाळंतपणापर्यंत रोज बोलावं लागते, ते मले नाही जमत, एवढंच हे म्हणाले.

रविवारी ती आली. जावई गाडी लावून आत आला अन् माझ्याकडं पाहून मान खाली घातली. पोरीनं नवा कुर्ता घातला होता, केस धुतलेले. कोणाच्या पाहुणचाराला जावं तशी तयार होऊन आली होती. पाणीही प्यायली नाही, सरळ यांच्या बाजूला दिवाणावर बसली अन् म्हणाली, दिखाओ पापा.

यांनी सांगितलं. पाच-सहा वाक्यांत सांगितलं, काही लपवलं नाही अन् स्वतःची बाजूही मांडली नाही. कोणाच्या हाती पडू नये म्हणून पुसले, हेसुद्धा सांगितलं नाही, ते मला मधे घालावं लागलं. पोरगी ऐकत होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती माझ्यावर गेली आहे. उठली अन् जे मनात होतं ते सगळं तिनं यांना सुनावलं, अर्धं मराठीत अन् अर्धं हिंदीत. दोन वर्षं मी हिंमत गोळा करून राहिली होती पापा. माझ्याजवळ तिचं काहीच नाही, एक नाव पण नाही. तुमच्याजवळ होतं अन् तुम्ही फडक्यानं पुसून टाकलं. जावई तिला धरायला गेला, तिनं हात झटकला. मी घाबरले, पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी. हे बसल्या जागी खाली पाहत होते.

ती दमली अन् परत बसली. बाहेर भाजीवाला ओरडून गेला. मग ती यांच्याकडं न पाहता म्हणाली, "कैसी थी?"

मला वाटलं हे "चांगली होती" म्हणतील अन् गप्प बसतील. पण हे बोलायला लागले. सावळी होती, तुझ्या आजीच्या रंगावर. डोक्यावर केस दाट, कपाळापर्यंत आलेले, अन् पाठीवरही बारीक लव होती. सिस्टर म्हणाली ती गळून जाते. कान चिकटलेले होते, उजवा जास्त. नाकात नळ्या होत्या म्हणून नाक नीट नाही पाहता आलं. पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, तुझं आहे तसं. उजेड आला की कपाळाला आठी पाडत होती. हे सांगत होते अन् पोरगी आता यांच्याकडं वळून बसली होती. जरा थांबले की ती म्हणायची, और? अन् हे पुढं सांगायचे. संसारात मी यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. यातलं पुष्कळ मलाही माहीत नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं.

मग यांनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला उचकी लागली. एवढंसं पोट, उचकीनं सगळं अंग हलायचं. सिस्टर म्हणाली, अशा बाळांना लागते अंकल, घाबरू नका. पाणी तर देता येत नव्हतं. आपल्यात करतात तसं यांनी केलं, कोण आठवण काढून राहिलं म्हणून एकेकाचं नाव घ्यायला लागले. बाळाच्या कानाजवळ वाकून म्हणाले, आजी आठवण काढते का? नाही थांबली. बाबा? नाही थांबली. आत्या, दुसरी आजी, सगळ्यांची नावं झाली.

"मग तुझं नाव घेतलं," हे म्हणाले, "अन् थांबली."

पोरीनं यांचं मनगट धरलं. त्या सकाळी तिच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं, पण शुद्ध होती, हे ती आम्हाला पहिल्यांदा सांगून राहिली होती. मी सकाळभर मनात तिलाच बोलावत होती पापा, म्हणाली. मग विचारलं, सच में रुक गई थी?

हव, हे म्हणाले. तिनं माझ्याकडं पाहिलं, खरं आहे का म्हणून. मी तिला सांगितलं, अगं, यांना खोटं बोलता आलं असतं तर आज फोन बिघडला असंच नसतं का सांगितलं?